तळहात पिवळे, डोळे पांढरे

दहा महिन्यांची एक मुलगी. वजन साडेआठ किलो, खेळती, हसरी, भूक चांगली. एके दिवशी शेजारच्या काकू तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अगं, हिचे तळहात बघ. नाकाचा शेंडाही पिवळा दिसतोय. हिला कावीळ झालीय." आईने तळवे पाहिले, तेही पिवळे. घरात एकदम घबराट झाली. आजी म्हणाली, "आधी माळ बांधून आणू, मग डॉक्टरांचं बघू." वडिलांचे म्हणणे, खाजगी दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या करून घेऊ.

त्याच दिवशी आशाताई घरी आल्या होत्या. त्यांनी बाळाला दारात, उजेडात आणायला सांगितले, डोळ्यांचे पांढरे बुबुळाभोवतीचे भाग नीट पाहिले आणि मग दोनच प्रश्न विचारले : बाळाच्या लघवीचा रंग कसा आहे, आणि बाळ रोज काय खाते? डोळे स्वच्छ पांढरे होते. लघवी पाण्यासारखी होती. आणि खाण्याचे उत्तर असे आले : सकाळी उकडलेल्या गाजराची पेस्ट, संध्याकाळी लाल भोपळ्याची पेस्ट, दोन्हींत थोडे तूप. गेले सात-आठ आठवडे रोज हेच, कारण बाळाला ते आवडते.

तरीही आशाताईंनी बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला सांगितले. तिथे डॉक्टरांनी तपासले, रक्तातील बिलिरुबिन पाहिले. ते नॉर्मल आले. बाळाला कावीळ नव्हती. तिच्या अंगात गाजर-भोपळ्याचा रंग साठला होता. या अवस्थेला कॅरोटिनेमिया म्हणतात.

त्वचा पिवळी दिसली म्हणजे कावीळच, असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट उलट बाजूची आहे : "गाजराचा रस पितो म्हणून पिवळा दिसतोय" असे म्हणून खरी कावीळ अंगावर काढणारेही असतात. म्हणून हे दोन पिवळेपण घरच्या घरी कसे ओळखायचे, आणि ओळखून पुढे काय करायचे, हे समजून घेऊ.

रंग कुठून येतो?

गाजर, लाल भोपळा (काही भागांत याला डांगर म्हणतात), पिकलेली पपई, आंबा, केशरी गराचे रताळे यांचा रंग ज्या पदार्थामुळे येतो त्याला कॅरोटिन म्हणतात. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतही ते भरपूर असते. हिरव्या रंगाखाली ते झाकले जाते, एवढेच. आपले शरीर आतड्यात कॅरोटिनपासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. मात्र जेवढी गरज असेल तेवढेच. गरज भागली की रूपांतर मंदावते आणि उरलेले कॅरोटिन तसेच रक्तात जाते. रोज थोडे उरले तर काही बिघडत नाही. पण रोज खूप उरू लागले, आणि तेही कित्येक आठवडे, तर ते त्वचेत साठू लागते.

कॅरोटिन चरबीत विरघळते. घामातून आणि त्वचेच्या तेलातून ते बाहेर येते आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या, जाड थरात अडकते. त्यामुळे जिथे हा थर जाड आहे किंवा जिथे घाम व तेल जास्त सुटते, तिथे रंग आधी दिसतो : तळहात, तळवे, नाकाचा शेंडा, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, कपाळ. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असा जाड थर नसतो, म्हणून तिथे हा रंग चढत नाही.

कावीळीतला रंग वेगळा असतो. रक्तातील तांबड्या पेशी आयुष्य संपल्यावर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो पित्तावाटे शौचातून बाहेर टाकते. यकृताला सूज आली, पित्ताची वाट अडली किंवा तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर फुटू लागल्या की बिलिरुबिन रक्तात साठते. आणि या पदार्थाला डोळ्याच्या पांढऱ्या भागातील लवचीक तंतूंची विशेष ओढ असते. म्हणून कावीळ सर्वांत आधी डोळ्यात दिसते. रक्तात बिलिरुबिन साधारणपणे 1 मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळे पिवळे दिसू लागतात.

सगळा फरक या एका गोष्टीत आहे. गाजराचा रंग तळहातावर बसतो, डोळ्यात नाही. कावीळीचा रंग डोळ्यात आधी बसतो.

किती खाल्ले तर असे होते?

वर सांगितलेल्या बाळाचा हिशेब करू. केशरी गाजरात 100 ग्रॅममागे साधारण 8 मिलिग्रॅम कॅरोटिन असते, लाल भोपळ्यात सुमारे 3 मिलिग्रॅम. जातीप्रमाणे हे कमी-जास्त होते. बाळ रोज सुमारे 60 ग्रॅम गाजर आणि 100 ग्रॅम भोपळा खात होते. म्हणजे गाजरातून 5 आणि भोपळ्यातून 3, मिळून रोज 8 मिलिग्रॅम. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण बाळ साडेआठ किलोचे आहे. साठ किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात खायचे ठरवले तर त्याला रोज 56 मिलिग्रॅमच्या आसपास कॅरोटिन, म्हणजे जवळजवळ पाऊण किलो गाजरे खावी लागतील!

शिवाय कच्चे गाजर चावून खाल्ले तर त्यातले बरेचसे कॅरोटिन शौचावाटे निघून जाते. तेच शिजवले, बारीक वाटले आणि वर तूप घातले की ते कितीतरी जास्त प्रमाणात अंगी लागते. बाळाचे जेवण नेमके तसेच होते. म्हणूनच वरचे खाणे सुरू झालेल्या लहान मुलांत कॅरोटिनेमिया सर्वाधिक आढळतो. न्यूयॉर्कच्या हेस आणि मायर्स या डॉक्टरांनी 1919 मध्ये या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही गाजर खाणाऱ्या लहान मुलांवरूनच.

मोठ्या माणसांत हे मुख्यतः रसामुळे होते. एक मोठा पेला गाजराचा रस काढायला अर्धा किलोच्या आसपास गाजरे लागतात. एवढी गाजरे आपण एका बैठकीत चावून खाणार नाही, पण रस दोन मिनिटांत पिऊन होतो. एका पेल्यात सहज 20 मिलिग्रॅमहून अधिक कॅरोटिन जाते. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला म्हणजे 40 च्या पुढे. रोज 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅरोटिन सतत जात राहिले तर साधारण चार ते सात आठवड्यांत त्वचेवर रंग दिसू लागतो. एखाद्या दिवशी गाजराचा हलवा पोटभर खाल्ला म्हणून कोणी पिवळे होत नाही.

घरी कसे पाहायचे?

पहिली गोष्ट उजेडाची. पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसते आणि खरी कावीळही नजरेतून सुटते. दिवसा खिडकीजवळ किंवा दारात उभे करून पाहावे. हाताला हळद लागली असेल तर आधी साबणाने धुवावी.

मग डोळे पाहावेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यांच्या, डोळ्यांचा पांढरा भाग मुळातच थोडा मळकट किंवा तपकिरी असतो. त्याने फसू नये. माणसाला खाली पायाकडे बघायला सांगावे आणि वरची पापणी अंगठ्याने हलकेच उचलावी. पापणीखाली झाकलेला भाग उन्हाने मळत नाही. तो पांढरा असेल तर डोळे ठीक आहेत. तोही सारखाच पिवळा असेल तर ती कावीळ समजावी. जीभ वर उचलायला सांगून तिच्या खालचा भागही पाहावा. कावीळीत तोही पिवळसर दिसतो.

तिसरी खूण लघवीची. गाजरामुळे आलेल्या पिवळेपणात लघवी नेहमीसारखी असते. यकृताच्या किंवा पित्तमार्गाच्या कावीळीत लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, कपड्याला डाग पडतो, आणि भरपूर पाणी पिऊनही ती फिकी होत नाही. चौथी खूण शौचाची. शौच पांढुरके, मातीच्या रंगाचे होऊ लागले तर पित्त आतड्यात पोहोचत नाही असा त्याचा अर्थ. अंगाला, विशेषतः रात्री, खूप खाज सुटत असेल तर तीही पित्त अडल्याची खूण असू शकते.

तळहात पिवळे, डोळे पांढरे, लघवी-शौच नेहमीसारखे, भूक चांगली आणि खाण्यात गाजर-भोपळा-पपई भरपूर, असे सगळे जुळले तर तो बहुधा कॅरोटिनेमिया असतो. शंका उरली तर सरकारी दवाखान्यात रक्तातील बिलिरुबिनची साधी तपासणी होते. कॅरोटिनेमियात ती नॉर्मल येते. महागड्या तपासण्यांची गरज नसते.

हे अपायकारक आहे का?

नाही. शरीर गरजेपुरतेच 'अ' जीवनसत्त्व बनवते, म्हणून गाजर-भोपळा जास्त खाऊन या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. ती होते तयार 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने, जास्त प्रमाणात घेतल्याने. कॅरोटिनच्या गोळ्यांचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी : बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना अशा गोळ्या देऊन पाहिलेल्या मोठ्या अभ्यासांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी न होता वाढले. हा इशारा गोळ्यांपुरता आहे, जेवणातल्या गाजराला तो लागू नाही.

कॅरोटिनेमियाला औषध नाही, कारण औषधाची गरजच नाही. गाजर-भोपळा-पपई कमी केली की रंग हळूहळू उतरतो. मात्र घाई चालत नाही. त्वचेत साठलेला रंग जायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून घाबरू नये. गाजर कायमचे बंद करण्याचीही गरज नाही.

बाळाच्या बाबतीत खरी काळजी रंगाची नसून एकसुरी जेवणाची असते. ज्या बाळाच्या पोटात रोज गाजर आणि भोपळाच जातो, त्याच्या पोटात डाळ, अंडे, नाचणी यांसाठी जागा उरत नाही. गाजर-भोपळ्यात लोह फार थोडे असते. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातील लोहाचा साठा संपत येतो, आणि त्याच वेळी जेवणातून लोह मिळाले नाही तर रक्त कमी होते. पिवळे तळहात दिसले की बाळाच्या ताटात आणखी काय-काय असते, हे विचारायची ती वेळ असते.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर बाळाला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी देतात. तळहात पिवळे आहेत म्हणून तो डोस मनाने टाळू नये. नर्सबाईंना सांगावे आणि त्या सांगतील तसे करावे.

गाजर न खाताही तळहात पिवळे असतील तर?

कधीकधी माणूस गाजराला हातही लावत नाही, डोळे पांढरे आहेत, तरी तळहात पिवळे दिसतात. अशा वेळी कॅरोटिनचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करण्याचे कामच मंदावलेले असू शकते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे काम कमी होणे. सोबत थकवा, वजन वाढणे, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत बदल असे असेल तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही असा रंग दिसतो. म्हणजे इथे पिवळे तळहात स्वतः आजार नसतात, पण आतल्या आजाराकडे बोट दाखवतात.

रक्त खूप कमी झालेला माणूसही फिकट-पिवळसर दिसतो. त्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लालसर न दिसता पांढुरका दिसतो.

जेव्हा गाजराला दोष देऊ नये

आता उलट बाजूचे एक उदाहरण. अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ. कोणीतरी सांगितले म्हणून रोज सकाळी पेलाभर गाजराचा रस घेत. अंग पिवळे दिसू लागले तेव्हा घरच्यांनी हसण्यावारी नेले, "रस अंगी लागला!" तीन आठवडे असेच गेले. मग रात्री अंगाला इतकी खाज सुटू लागली की झोप येईना. लघवीचे डाग कपड्यावर पडू लागले. मुलीने त्यांचे डोळे खिडकीजवळ पाहिले, ते पिवळे होते. सोनोग्राफीत पित्तनळीत अडकलेला खडा सापडला. रस ते पीत होते हे खरे, पण पिवळेपणाचे कारण रस नव्हते. डोळे पिवळे असतील तर माणूस कितीही गाजरे खात असो, ती कावीळच समजावी. गाजर डोळे पिवळे करत नाही.

डोळे पिवळे दिसले की एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावे. पण काही खुणांत त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे : कावीळ झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळू झाला, सतत उलट्या होऊ लागल्या, कुठून रक्त येऊ लागले, किंवा ताप, थंडी आणि पोटात उजवीकडे दुखणे एकत्र आले. गरोदर बाईला कावीळ झाली तर यांतली एकही खूण नसली तरी थांबू नये. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जीवघेणी ठरू शकते.

विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात, त्यामुळे डोळे पिवळसर राहतात. पण लघवी कोऱ्या चहासारखी होईलच असे नाही आणि शौचाचा रंगही बदलत नाही. म्हणून अशा घरात लघवीच्या खुणेवर विसंबू नये. मूल पिवळसर डोळ्यांचे, फिकट, वारंवार हातपाय दुखतात म्हणणारे असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. सिकलसेल असलेल्या मुलाचे डोळे एकाएकी जास्त पिवळे किंवा चेहरा जास्त फिकट दिसू लागला तर लगेच न्यावे.

आणि नवजात बाळ. सहा महिन्यांच्या आतले बाळ गाजर-भोपळा खात नाही, तेव्हा त्याच्या पिवळेपणाला वर सांगितलेला तळहाताचा नियम लावू नये. उलट नवजात बाळाचे तळहात-तळवे पिवळे होणे म्हणजे कावीळ खूप वाढल्याची खूण असते. जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा सुस्त पडले, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर तपासणी हवीच. बाळाची शी पांढुरकी आणि लघवी पिवळी असेल तर एक दिवसही थांबू नये. काही बाळांची पित्तनलिका बंद असते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तर यशाची शक्यता सर्वांत चांगली असते. "कोवळ्या उन्हात धरा, जाईल" असे म्हणत घालवलेले आठवडे इथे परत मिळत नाहीत.

माळेचे श्रेय

आजीने सुचवलेल्या माळेचे काय झाले असते, हेही पाहू. कावीळ उतरवणारा हात चुन्याच्या पाण्याने धुतो आणि पिवळे पाणी खाली उतरते. हाताला आधी लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा चुन्याशी संयोग झाला की तो पिवळा होतो. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातावरही होतो. माळ ओल्या काड्यांच्या तुकड्यांची असते. काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैलावतात आणि माळ आपोआप लांब होत जाते. ती कोणाच्याही गळ्यात, किंवा खुंटीवर टांगली तरी, वाढते.

आता त्या बाळाला माळ बांधली असती तर? सोबत पथ्य सांगितले असते : पिवळे काही द्यायचे नाही. म्हणजे गाजर आणि भोपळा बंद. दोन महिन्यांत तळहात गोरे झाले असते आणि श्रेय माळेला मिळाले असते. जी कावीळ नव्हतीच ती "बरी" झाली असती. मग उद्या त्याच घरात कोणाची पित्तनळी अडली किंवा गरोदर सुनेचे डोळे पिवळे झाले, तर घरचे पहिल्यांदा कुठे गेले असते, हे सांगायला नको. निरुपद्रवी पिवळेपणात माळेवर बसलेला विश्वास खऱ्या कावीळीत जीव घेतो.

त्या बाळाला कोणतेही औषध दिले नाही. गाजर आणि भोपळा आठवड्यातून दोन-तीन वेळांवर आणले. बाकीच्या दिवशी मऊ वरण-भात, अंडे, नाचणीचे सत्त्व, केळे, बटाटा. महिन्याभराने नाकावरचा रंग गेला, तळवे पूर्ववत व्हायला आणखी दीड महिना लागला. आणि आजी आता कोणाचेही मूल पिवळे दिसले की आधी त्याला दारात, उजेडात घेऊन जाते आणि डोळे बघते.